थायरॉइड मंदावल्यामुळे होणारी बद्धकोष्ठता: जुलाब घेण्याआधी काय तपासायचं, काय सुधारायचं

रात्री चूर्ण, सकाळी कोमट पाणी, तरीही दोन-तीन दिवस पोट साफ होत नाही. चूर्णाचा एक चमचा वाढवून दोन केला की आठवडाभर बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. या तक्रारीसोबत थकवा, थंडी सोसवत नाही, त्वचा कोरडी पडली आहे, वजन थोडं वाढलं आहे, पाळीत रक्तस्राव जास्त होतो किंवा आवाज घोगरा झाला आहे, यातल्या एक-दोन गोष्टी असतील तर पुढचा चमचा घेण्याआधी थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. थायरॉइड मंदावला की आतडं मंदावतं, आणि जुलाब त्या मंदपणाच्या मुळापर्यंत पोचत नाही.

आतड्यात नेमकं काय होतं

आपण खाल्लेलं अन्न आतड्यातून पुढे सरकतं ते आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूंच्या लाटांमुळे. या लाटा किती वेळा आणि किती जोरात येतील यावर थायरॉइड संप्रेरकाचा परिणाम होतो. ते कमी पडलं की लाटा विरळ आणि अशक्त होतात. आजार बराच काळ उपचाराविना राहिला तर आतड्याच्या भिंतीत पाणी धरून ठेवणारे पदार्थ साठून सूज येते आणि स्नायूंचं आकुंचन आणखी कमी होतं. डोळ्यांखाली आणि चेहऱ्यावर जी सूज दिसते, तशाच प्रकारची ही सूज असते.

दुसरी गोष्ट मोठ्या आतड्यात घडते. पातळ मळातलं पाणी शोषून घेणं हे त्याचं एक मुख्य काम. निरोगी माणसात अन्न तोंडापासून बाहेर पडेपर्यंत साधारण एक ते तीन दिवस लागतात. हाच मुक्काम लांबला की पाणी शोषायला जास्त वेळ मिळतो आणि मळ कोरडा, गोळ्यागोळ्यांचा होतो. तो ढकलायला आधीच अशक्त झालेल्या लाटा पुरत नाहीत. म्हणून या बद्धकोष्ठतेत मळ कडक येतो, पोट फुगतं आणि ‘जायला हवं’ अशी भावनाच क्वचित होते.

जुलाबाची प्रत्येक जात यातल्या एकाच टप्प्यावर काम करते. लॅक्ट्युलोज किंवा पॉलीइथिलीन ग्लायकॉल आतड्यात पाणी धरून ठेवतं, त्यामुळे मळ मऊ राहतो. सोनामुखी आणि बिसाकोडिल आतड्याला चाळवून लाट उठवतात. इसबगोल मळाचं आकारमान वाढवतो. लाटांचा मूळ वेग मात्र यातलं कुणीही बदलत नाही, आणि औषधाचा परिणाम उतरला की आतडं पुन्हा आपल्या मंद चालीवर येतं. थायरॉइडचा उपचार लाटेच्या वेगावरच काम करतो. तो हळू असतो, आठवडे लागतात, पण एकदा लागू पडला की सहसा रोज पोटासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही.

पहिली पायरी: तपासणी, आणि तिचा अर्थ लावणं

टीएसएच आणि फ्री टी-४ या दोन तपासण्या सुरुवातीला पुरतात. फ्री टी-४ म्हणजे रक्तात मोकळं असलेलं थायरॉइड संप्रेरक. टीएसएच हा मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा थायरॉइडला दिलेला आदेश असतो. थायरॉइड काम करेना, तसा तो वाढत जातो. साधारण ०.४ ते ४ ही प्रौढांची सामान्य पातळी समजली जाते, पण प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून आपल्या अहवालात छापलेली मर्यादा पाहावी. फ्री टी-४ खाली गेलेला आणि टीएसएच बराच वर असेल तर थायरॉइड मंदावलेला आहे यात शंका उरत नाही. कारण शोधायचं असेल तर अँटी-टीपीओ प्रतिपिंडांची तपासणी करतात, कारण मिठात आयोडीन मिळत असलेल्या भागांत बहुतेक रुग्णांचं कारण हाशिमोटो, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेला हल्ला, हे असतं.

इथे एक घोळ वारंवार होतो. टीएसएच ६ किंवा ७ आहे, पण फ्री टी-४ अगदी नीट आहे, असा अहवाल येतो आणि बद्धकोष्ठतेचा सगळा दोष थायरॉइडवर टाकला जातो. या अवस्थेला सबक्लिनिकल म्हणतात. त्यात औषध घेतलं म्हणून पोट सुधारेलच अशी अपेक्षा ठेवू नये. ६५ वर्षांवरील लोकांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, अशा किंचित वाढलेल्या टीएसएचवर थायरॉइडची गोळी देऊन लक्षणांमध्ये फरक पडला नाही. वय वाढतं तसा टीएसएचही थोडा वाढतोच. टीएसएच १० च्या वर असेल किंवा फ्री टी-४ खाली गेला असेल, तर मात्र बद्धकोष्ठता आणि थायरॉइड यांचा संबंध जोडायला जागा आहे.

तपासणीच्या आधी दोन गोष्टी. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर त्या किमान दोन दिवस आधी थांबवाव्यात, नाहीतर टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो आणि आजार लपतो. आणि थायरॉइडची गोळी आधीच चालू असेल तर रक्त दिल्यानंतर त्या दिवशीची गोळी घ्यावी.

याच वेळी औषधांची यादीही डोळ्यांखालून घाला. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबासाठीचं व्हेरापामिल, काही वेदनाशामकं आणि झोपेची किंवा ॲलर्जीची काही औषधं स्वतःच बद्धकोष्ठता करतात. मंद थायरॉइड असलेल्या बाईला रक्त कमी म्हणून लोह आणि हाडांसाठी कॅल्शियम दिलेलं असतं. मग पोट थांबवणारी तीन कारणं एकत्र जमतात, आणि त्यातली दोन तर औषधांच्या डब्यातूनच आलेली असतात.

दुसरी पायरी: गोळी किती आणि कशी

मंद थायरॉइडचं औषध म्हणजे लिव्होथायरॉक्सिन. पूर्ण मात्रा साधारण वजनाच्या प्रत्येक किलोला १.६ मायक्रोग्रॅम दररोज, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे १०० मायक्रोग्रॅम. थोडीफार ग्रंथी काम करत असेल तर कमीही पुरतं. वय जास्त असेल किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टर १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून हळूहळू वाढवत नेतात. एकदम जास्त मात्रा हृदयाला झेपत नाही, त्यामुळे ‘पोट लवकर साफ व्हावं’ म्हणून आपल्या मनाने मात्रा वाढवू नये.

मात्रेपेक्षा जास्त गडबड होते ती घेण्याच्या पद्धतीत. ही गोळी रिकाम्या पोटी नीट शोषली जाते आणि पोटात काही आलं की तिचा बराचसा भाग वाया जातो. म्हणून उठल्याबरोबर एक ग्लास साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढचा अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध, बिस्कीट काहीही नको. ‘चहा तर रिकाम्याच पोटी पितो’ हे उत्तर अनेक घरांत ऐकू येतं, पण दुधाचा चहा हा पोटाच्या दृष्टीने आहारच आहे. सकाळी हे जमत नसेल तर रात्री झोपताना, शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी गोळी घेतली तरी चालते. कामावर पहाटे निघणाऱ्यांना हा पर्याय सोयीचा पडतो. मात्र दोन्हींपैकी एक वेळ ठरवून तीच पाळावी.

लोह, कॅल्शियम, आम्लपित्तावरचे अँटासिड आणि मॅग्नेशियमची जुलाबाची औषधं गोळीपासून किमान चार तास दूर ठेवा. यातले धातू गोळीला बांधून ठेवतात आणि ती शोषली न जाता मळातून निघून जाते. इसबगोलाचा असा परिणाम कॅल्शियम-लोहाइतका ठाम दिसलेला नाही, तरी वेळ वेगळी ठेवण्यात नुकसान काहीच नाही. सकाळी थायरॉइडची गोळी, दुपारच्या जेवणानंतर लोह किंवा कॅल्शियम आणि रात्री इसबगोल, असं वेळापत्रक बहुतेकांना जमतं. आम्लपित्तासाठी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर पोटातलं आम्ल कमी झाल्याने थायरॉइडची गोळी कमी विरघळते आणि मात्रा वाढवावी लागू शकते. ते डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

गोळ्यांची बाटली स्वयंपाकघरात गॅसजवळ किंवा न्हाणीघरात ठेवू नये. उष्णता, ओल आणि प्रकाश यांनी औषधाचा जोर कमी होतो. एक दिवस विसरली तर त्या दिवशी आठवल्यावर, पोट रिकामं असेल तेव्हा घ्यावी.

तिसरी पायरी: औषध लागू पडेपर्यंत पोटाचं काय करायचं

लिव्होथायरॉक्सिन शरीरात निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. म्हणूनच टीएसएच पुन्हा तपासायचा तो सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधी तपासला तर आकडा अर्धवट उतरलेला दिसतो आणि लोक घाबरून मात्रा बदलून घेतात. पोटाला फरक पडायला थोडा अधिक काळ लागू शकतो. अनेकांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून बदल जाणवू लागतो आणि मात्रा नीट बसल्यावर दोन-तीन महिन्यांत आतडं आपल्या चालीवर येतं. मग या मधल्या काळात जुलाब घेऊच नये का? घ्यावा, पण ठरावीक मुदतीसाठी आणि नीट निवडून.

आधी आतमध्ये कडक मळाचा गोळा अडकला आहे का हे पाहिलं पाहिजे. पाच-सहा दिवस काही नाही आणि मग पाण्यासारखं थोडंथोडं गळतं, हा अतिसार नसून अडकलेल्या गोळ्याच्या बाजूने झिरपलेलं पाणी असू शकतं. अशा वेळी पातळ शौच थांबवण्याचं औषध घेणं चुकीचं. डॉक्टर तपासून ग्लिसरीनची गुदवर्ती किंवा एनिमा देऊन तो मार्ग मोकळा करतात, आणि मगच बाकीचं काम सुरू होतं.

त्यानंतर पाणी धरून ठेवणारं औषध सगळ्यात बरं: पॉलीइथिलीन ग्लायकॉल १७ ग्रॅम एक ग्लास पाण्यात विरघळवून दिवसातून एकदा, किंवा लॅक्ट्युलोज १५ ते ३० मिलिलिटर रात्री. लॅक्ट्युलोजने सुरुवातीला गॅस होतात. मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेह किंवा इतर आजार असेल तर यातलं काय चालेल हे विचारून घ्यावं. इसबगोलाबद्दल थोडं सबुरीने घ्या. ज्याचं आतडं फारच मंद आहे त्याला पहिल्या आठवड्यांत इसबगोलाने पोट आणखी फुगल्यासारखं वाटू शकतं, कारण मळ वाढतो पण पुढे सरकत नाही. द्यायचाच तर एका चमच्यापासून आणि प्रत्येक वेळी भरलेल्या मोठ्या ग्लासभर पाण्याबरोबर. कोरडा इसबगोल किंवा घोटभर पाण्यावर घेतलेला इसबगोल घशात आणि आतड्यात अडकू शकतो.

सोनामुखी असलेली चूर्णं आणि बिसाकोडिल यांचा रोजचा वापर टाळावा. ‘आयुर्वेदिक आहे, सौम्य आहे’ म्हणून घेतल्या जाणाऱ्या अनेक चूर्णांच्या वेष्टनावर बारीक अक्षरात सोनामुखी असते. दोन-तीन दिवस काहीच झालं नाही तर एखाद्या रात्री ते चालतं. पण मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर वारंवारच्या पातळ शौचांतून पोटॅशियम कमी होतं, आणि पोटॅशियम कमी झालं की आतड्याचे स्नायू आणखी सुस्तावतात. माणूस समजतो की आजार वाढला, आणि मात्रा वाढवतो. एरंडेलाचा मार्गही वारंवार नको. लिक्विड पॅराफिन असलेली औषधं महिनोन्महिने घेतल्यास तेलात विरघळणारी जीवनसत्त्वं शोषली जात नाहीत, आणि गिळताना ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला त्रास होतो. वृद्धांना रात्री झोपताना ते देणं विशेष जोखमीचं.

आहारात मोठा बदल एका दिवसात करू नये. तंतूचं प्रमाण आठवड्याआठवड्याने वाढवा: ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, पालेभाजी, साल न काढलेलं फळ. त्याबरोबर पाणी वाढवणं आलंच. सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर वीस मिनिटांत आतड्याला नैसर्गिक लाट येते. ही वेळ राखून ठेवा आणि घाई न करता बसा. कमोडवर बसत असाल तर पायाखाली छोटा पाट किंवा स्टूल घेतल्यास गुडघे वर येतात आणि मार्ग सरळ होतो. भारतीय पद्धतीच्या संडासात हे आपोआप होतं.

एक उदाहरण, आकड्यांसह

हे उदाहरण एका व्यक्तीचं नसून दवाखान्यात नेहमी दिसणाऱ्या चित्राचं आहे. समजा ४८ वर्षांची, ६० किलो वजनाची स्त्री. वर्षभर बद्धकोष्ठता, रोज रात्री सोनामुखीचं चूर्ण. तपासणीत टीएसएच ४२ आणि फ्री टी-४ खाली. हृदयाचा त्रास नाही, म्हणून डॉक्टरांनी १०० मायक्रोग्रॅम सुरू केले. सात आठवड्यांनी टीएसएच १६. पोटाची तक्रार अर्धवटच कमी.

इथे मात्रा वाढवण्याचा मोह होतो. पण चौकशी केली तर दिसतं, की गोळी साडेसहाला आणि चहा पावणेसातला, नाश्त्याबरोबर आठ वाजता लोह आणि कॅल्शियम. म्हणजे गोळीला मोकळा वेळच मिळालेला नाही. मात्रा तीच ठेवून चहा साडेसातला नेला, लोह दुपारी आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर केलं. चूर्ण बंद करून लॅक्ट्युलोज १५ मिलिलिटर दिलं. पुढच्या सात आठवड्यांनी टीएसएच साडेतीनच्या आसपास येतो, आणि आधी एक दिवसाआड मग आठवड्यातून दोनदा असं करत लॅक्ट्युलोज सोडता येतं. त्या वेळी १०० च्या जागी १२५ केली असती, तर कदाचित आकडा जुळला असता. पण पुढे लोह-कॅल्शियम बंद झाल्यावर तीच मात्रा जास्त पडली असती आणि छातीत धडधड, हातांना कंप, झोप न लागणं, पातळ शौच सुरू झालं असतं. पोट साफ होऊ लागलं म्हणून आनंदी असलेल्या माणसाला जास्त मात्रेची लक्षणं लवकर लक्षात येत नाहीत, म्हणून शौच अचानक वारंवार होऊ लागल्यास टीएसएच पुन्हा पाहावा.

थायरॉइड जागेवर आला, पोट आलं नाही तर

टीएसएच मर्यादेत येऊन तीन महिने झाले आणि बद्धकोष्ठता तशीच असेल, तर थायरॉइडला आणखी छळण्यात अर्थ नाही. दुसरं कारण शोधायचं. औषधांची यादी पुन्हा तपासा, रक्तातलं कॅल्शियम, साखर आणि पोटॅशियम पाहा. मळ खालपर्यंत येतो पण बाहेर ढकलता येत नाही, जोर लावूनही अडकल्यासारखं वाटतं, बोटाने मदत करावी लागते, हे ओटीपोटातल्या स्नायूंच्या चुकीच्या सवयीचं लक्षण असू शकतं. जोर लावताना हे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळले जातात. या त्रासावर जुलाबाचा उपयोग कमी होतो. त्यासाठी स्नायू सैल सोडायला शिकवणारं प्रशिक्षण मोठ्या शहरांतल्या पोटविकार केंद्रांत मिळतं.

काही लक्षणं थायरॉइडच्या नावावर खपवू नयेत: शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, वयाच्या पंचेचाळिशीनंतर अचानक सुरू झालेली बद्धकोष्ठता, घरात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, शौचाची जाडी कायमची कमी होणं. थायरॉइड मंदावला की वजन वाढतं, म्हणून वजन उतरत असेल तर त्याचं वेगळं कारण शोधलंच पाहिजे. रक्त कमी असणं मात्र मंद थायरॉइडमध्ये आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात, दोन्हींत असू शकतं, त्यामुळे ‘थायरॉइड आहे म्हणून रक्त कमी’ असं समजून पुढची तपासणी टाळू नका.

आणि पोट ताठ फुगलंय, वायूही सुटत नाही, उलट्या होताहेत, तर जुलाबाचं कोणतंही औषध न घेता लगेच रुग्णालय गाठायचं. दीर्घकाळ उपचाराविना राहिलेल्या आजारात क्वचित आतड्याची हालचाल जवळजवळ थांबते. त्यात माणूस गुंगीत, थंड आणि मंद नाडीचा दिसू लागला तर ही आणीबाणी आहे. रुग्णालयात पोचल्यावर पहिल्याच वाक्यात थायरॉइडचा आजार आहे किंवा गोळी बंद केली होती हे सांगा.

गरोदरपणात या सगळ्याला वेगळा नियम लागतो. गर्भधारणेत लिव्होथायरॉक्सिनची गरज साधारण एक चतुर्थांश ते निम्म्याने वाढते, आणि नेमकं त्याच वेळी लोहाची गोळीही सुरू होते. म्हणून आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीने चाचणी सकारात्मक आल्याच्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं, आणि लोह व थायरॉइडची गोळी यांत चार तासांचं अंतर पहिल्या दिवसापासून ठेवावं.